व्हीटीची जुनी ड्रॉइंग्ज आणि फोटो: यादी अशी कशी करावी की शोधणाऱ्याला सापडेल?

निळी शाई

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या कॉलेजात बोरीबंदरच्या स्टेशन इमारतीची, म्हणजे आपल्या व्हीटीची, ड्रॉइंग्ज आणि फोटो स्कॅन करून ठेवलेले आहेत. हजाराच्या वर फाइल्स असतील. वेगवेगळ्या बॅचच्या मुलांनी स्कॅन केल्या आणि एक्सेलमध्ये ज्याला जे सुचलं ते लिहिलं. फाइलींची नावं `VT_elev_final2.tif`, `CST front NEW.jpg`, `Scan0043.tif` अशी. तारखेच्या रकान्यात कुठे १८८४, कुठे 'खूप जुना', तर कुठे स्कॅन केल्याची तारीख.

मध्यंतरी एक संशोधक आली होती. तिला उत्तरेकडची विंग हवी होती, जिथे जुनं तिकीटघर आहे ती. यादीत `north wing` टाकून शोधलं तर दोन फोटो मिळाले. ती गेल्यावर आम्ही सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, तर त्या विंगची चांगली डझनभर ड्रॉइंग्ज निघाली. कुणी 'लेफ्ट साइड' लिहिलेलं, कुणी 'बुकिंग हॉल', कुणी 'स्टार चेंबर', आणि एका महाभागाने 'उजवी बाजू (आतून)'.

आता सुट्टीत हे सगळं नीट करायचं ठरवलं आहे. रकाने कोणते ठेवू? तारीख एकच ठेवू की दोन-तीन? आणि इमारतीच्या भागांना कोणती नावं द्यायची, हे ठरवायचं कुणी? डब्लिन कोअरचे पंधरा रकाने वाचले, पण त्यात 'विंग' कुठे बसवायची ते कळेना.

आळशी कासव

आधी इमारतीचं नाव तरी ठरवा. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी. माझी आई अजून 'व्हीटीला उतर' असंच सांगते आणि मी बरोबर उतरतो. तिचा मेटाडेटा पक्का आहे :)

कोडभट

सोपं आहे, उगाच अवघड करू नका. सगळं फाइलच्या नावातच घाला. `CSMT_NorthWing_Elevation_1884_Sheet12.tif`. विंडोजच्या सर्चमध्ये लगेच सापडेल. सॉफ्टवेअर नको, रकाने नकोत. आमच्या ऑफिसात चाळीस हजार बिलं अशीच ठेवली आहेत.

ग्रंथपाल मावशी

कोडभट, बिलाला एकच तारीख असते आणि ती बिलावर छापलेली असते. ड्रॉइंगचं तसं नसतं. शिवाय उद्या कळलं की ते १८८४ चं नाहीच, तर नाव बदलणार? तोवर तीन प्रबंधांत ते जुनं नाव तळटीपेत जाऊन बसलेलं असेल. फाइलचं नाव मुकं असावं. `VT-D-0147` म्हणजे फक्त ड्रॉइंग क्रमांक १४७. बाकीचं सगळं यादीत, जिथे दुरुस्ती करता येते.

निळी शाई, तुमच्या गोंधळाचं मूळ मला असं दिसतं की एका ओळीत तीन गोष्टी कोंबल्या आहेत. एक ती इमारत. दुसरा तो कागद, जो कुणीतरी, कधीतरी, कशावर तरी काढला. तिसरी तुमची स्कॅन फाइल. तिघांचे कर्ते वेगळे, तारखा वेगळ्या, मापंही वेगळी. व्हीआरए कोअर नावाची पद्धत मुळात याच फरकावर उभी आहे: वस्तू वेगळी आणि वस्तूची प्रतिमा वेगळी. ती अख्खी उचलायची गरज नाही, एवढा विचार घेतलात तरी निम्मं काम होईल. एक्सेलमध्ये दोन पानं करा. एकावर मूळ कागद किंवा फोटो, दुसऱ्यावर फाइली. दोन्हींना जोडणारा क्रमांक एकच.

एखादं नेमकं पत्रक हातात घेऊन त्यावर काय काय लिहिलंय ते इथे टाका ना. मग बोलू.

सातारकर

आमच्या आजोळच्या वाड्याचे फोटो आहेत माझ्याकडे, मामांनी काढलेले. वाडा आता पडला. स्कॅन किती डीपीआयला करावेत? दुकानदार ३०० म्हणतो.

चित्रपोथी

सातारकर, धागा स्कॅन झाल्यानंतरचा आहे, पण सांगतो. छोटे प्रिंट असतील तर ६०० ला करा, टिफमध्ये. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. आम्ही जुने फोटो गोळा करणारे आधी पाठच बघतो. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, सगळं तिथेच असतं.

निळी शाई, तुमच्या यादीत पाठी आहेत का? असतील तर त्या वेगळ्या नोंदी करू नका. फोटो एकच, फाइली दोन: `VT-F-0212_a.tif` आणि `VT-F-0212_b.tif`.

निळी शाई

पाठी आहेत, आणि त्या सगळ्या 'ब्लँक पेज' म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या आहेत. उद्या बाहेर काढते.

मावशी, एक पत्रक घेते. उत्तर विंगचं दर्शनी एलेव्हेशन. खाली शीर्षकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं नाव, १८८४, आणि 'एक इंच बरोबर आठ फूट'. पांढऱ्या कागदावर निळसर जांभळ्या रेषा. कोपऱ्यात गोल रबरी शिक्का: सेंट्रल रेल्वे, चीफ इंजिनिअरचं ऑफिस. शिक्क्यातली तारीख पुसट आहे. यादीत याची तारीख '१८८४' आणि प्रकार 'ब्लूप्रिंट'.

ग्रंथपाल मावशी

वा, याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पांढऱ्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेषा म्हणजे ब्लूप्रिंट नव्हे, ती अमोनिया प्रिंट. ब्लूप्रिंटमध्ये जमीन निळी आणि रेषा पांढऱ्या. म्हणजे तुमच्याकडे १८८४ चा कागदच नाही. १८८४ च्या रेखाटनाची फार पुढे काढलेली प्रत आहे. किती पुढे? सेंट्रल रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली, त्याआधी जीआयपी होती. तेव्हा शिक्का त्यानंतरचा. प्रतही बहुधा त्यानंतरची, कारण ऑफिसात प्रत काढली की शिक्का बसतो; पण हे अनुमान आहे, आणि नोंदीत तसंच लिहायचं.

म्हणजे तारखा तीन. रेखाटन १८८४. प्रत १९५१ नंतर, अंदाजे. स्कॅन तुमचं जे वर्ष असेल ते. 'स्टीव्हन्सच्या हातचं ड्रॉइंग' समजून उद्या कुणी कागद आणि शाईवर लिहायला बसला, तर त्याला हे कळायला नको?

प्रमाणाचंही तसंच. एक इंचाला आठ फूट म्हणजे १:९६. पण प्रत लहान-मोठी करून काढली असेल तर ते प्रमाण खोटं. कागदावर काढलेली मापपट्टी असेल तर तीही कागदाबरोबर लहान-मोठी होते, म्हणून ती खरीच राहते. तेव्हा 'लिहिलेलं प्रमाण' जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी 'मापपट्टी आहे/नाही' असा रकाना ठेवा. 'प्रमाण १:९६' एवढंच लिहिलंत तर कुणीतरी स्क्रीनवर फुटपट्टी लावेल.

रिटायर्ड रुळावर

शिक्क्याबद्दल मावशी बरोबर बोलल्या. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो (कुठल्या ते जाऊ द्या). ट्रेसिंग क्लॉथवर मूळ, त्यावरून अमोनिया काढायची, साहेबाची सही घ्यायची आणि साइटवर पाठवायची. तो वास अजून नाकात आहे. पण एक भर घालतो. ट्रेसिंगसुद्धा दरवेळी मूळ नसायचं. जुनं फाटायला आलं की ट्रेसर नवीन कापडावर गिरवायचा, तारीखही तशीच गिरवायचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ट्रेस्ड बाय' आणि आद्याक्षरं असतात, ती कुणी वाचत नाही. ती उतरवा.

निळी शाई

आत्ताच मोठं करून पाहिलं. 'ड्रॉन', 'ट्रेस्ड', 'चेक्ड' अशा तीन ओळी आहेत! यादीत मात्र सगळीकडे कर्ता एकच: स्टीव्हन्स.

ग्रंथपाल मावशी

मग 'कर्ता' हा रकाना फोडा. नाव वेगळं, भूमिका वेगळी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे वास्तुविशारद, ते इमारतीच्या नोंदीत. पत्रकाच्या नोंदीत ज्यांनी रेखाटलं, गिरवलं, तपासलं ते. या कामावर सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते आणि एम. एम. जनार्दन पर्यवेक्षक. पत्रकावर एखादी 'एस. के.' सापडली तर लगेच वैद्यांच्या नावावर चढवू नका. आद्याक्षरं आहेत तशी लिहा आणि 'कदाचित' असा वेगळा रकाना ठेवा. पण लिहा जरूर. नाहीतर ज्याला त्या काळच्या भारतीय अभियंत्यांवर काम करायचंय त्याला तुमच्या हजार फाइलींत शून्य सापडतील.

आणि स्टीव्हन्स दोन आहेत. वडील १९०० मध्ये वारले. मुलगा चार्ल्स, तोही वास्तुविशारदच. नुसतं 'स्टीव्हन्स' लिहू देऊ नका.

कोडभट

ठीक, फाइलच्या नावाचा मुद्दा मागे घेतो. पण नावांच्या स्पेलिंगसाठी हाताने बसू नका. ओपनरिफाइन फुकट आहे. त्यात रकाना घालून क्लस्टर म्हटलं की `Stevens F W`, `F. W. Stevens`, `stevens, f w` सगळे एका गठ्ठ्यात येतात, तुम्ही एक निवडायचं. मराठीतली नावंही एकत्र होतील.

बिनओळखीचा बिंदू

मराठीत तितकं चालत नाही, अनुभवाने सांगतो. 'स्टीव्हन्स', 'स्टिव्हन्स', 'स्टीव्हंस' एकत्र येतीलच असं नाही. आणि रोमनमधलं व देवनागरीतलं तर अजिबात नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन नोंदी डोळ्यांना हुबेहूब दिसतात पण मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं, कॉपी-पेस्टमधून आलेलं. शोधात एक सापडते, दुसरी नाही. आमच्याकडे जुन्या फॉन्टमधून युनिकोड केलेल्या याद्यांमध्ये हा त्रास फार.

आकड्यांकडेही बघा. कुणी १८८४ देवनागरी अंकांत लिहिलं, कुणी `1884`. एक्सेलला पहिलं म्हणजे अक्षरं वाटतात. क्रम लावला की देवनागरीवाले सगळे तळाला जाऊन बसतात.

आळशी कासव

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर... माझ्या मित्राने ड्रॉइंग नंबर '१२/८७' असा इंग्रजी अंकांत टाकला होता. एक्सेलने त्याचा डिसेंबर १९८७ केला. पुढे तीन वर्षं सगळे म्हणत होते की ड्रॉइंग ८७ सालचं आहे.

निळी शाई

थांबा. आमच्याकडे पत्रक क्रमांकाच्या रकान्यात 'डिसेंबर-८७' आहे. एक नाही, बरेच. मला वाटायचं ते महिने आहेत.

बिनओळखीचा बिंदू

तेच ते. बारापेक्षा मोठा आकडा पुढे असलेले वाचले असतील, बाकीचे गेले. सेलचं फॉरमॅट आता 'टेक्स्ट' करून काही परत येणार नाही, पत्रकावरूनच वाचावे लागतील. नवीन फाइलीत आधी सगळे रकाने टेक्स्ट करा, मगच टाइप करायला बसा.

चित्रपोथी

ड्रॉइंगवर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. फोटोवाल्यांचं दुखणं वेगळं. तारीख लिहिलेलीच नसते आणि मग मुलं 'अंदाजे १९००' असं लिहून मोकळी होतात. व्हीटीच्या फोटोंत मात्र सुगावे भरपूर असतात.

माझ्याकडचं एक पोस्टकार्ड सांगतो. व्हीटी डावीकडे-उजवीकडे पसरलेली, बाजूला महापालिकेची इमारत पुरी झालेली, रस्त्यात ट्राम. मागे पोस्टाचा शिक्का १९१२.

कोडभट

मग फोटो १९१२ चा. झालं की.

चित्रपोथी

नाही हो. शिक्का म्हणजे कार्ड टाकलं ती तारीख. फोटो त्याआधी कधीही काढलेला असू शकतो. एकच निगेटिव्ह कार्डवाले वर्षानुवर्षं छापायचे. म्हणजे १९१२ ही वरची मर्यादा. खालची मर्यादा चित्रातून काढायची. महापालिकेची इमारत १८९३ ला पुरी झाली (तीही स्टीव्हन्सचीच), तेव्हा फोटो त्यानंतरचा. आता ट्राम बघा. घोडा दिसत नाही आणि वर तार आहे. विजेची ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये सुरू झाली, तीही त्या महापालिकेच्या समोरूनच. म्हणजे १९०७ ते १९१२. 'अंदाजे १९००' लिहिलं असतं तर सरळ चूक झाली असती.

फलाटाच्या आतले फोटो असतील तर रुळांवरच्या विजेच्या तारा बघा. व्हीटी-कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. तारा असल्या की त्यानंतरचा, किंवा फार तर तारा घालायचं काम चालू असतानाचा. नसल्या तर मात्र जपून, कारण सगळ्या मार्गांवर एकदम तारा आल्या नाहीत.

निळी शाई

हे भारीच. पण '१९०७ ते १९१२ च्या दरम्यान' हे रकान्यात कसं लिहायचं? शिवाय १९१० चे फोटो शोधणाऱ्याला हा सापडायला हवा.

ग्रंथपाल मावशी

तारखा लिहिण्याची ईडीटीएफ नावाची पद्धत आहे, आता ती आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागातच आहे. एवढी चार रूपं शिकवलीत तरी मुलांचं भागेल:

```
1884       पत्रकावर लिहिलेलं वर्ष
1884?      वाचता येतं पण खात्री नाही
188X       ऐंशीचं दशक, पुढचं ठाऊक नाही
1907/1912  या दोहोंच्या दरम्यान
```

आणि शेजारी 'तारखेचा आधार' हा रकाना सक्तीचा. 'शीर्षकावरून', 'ट्रामची तार आणि टपाल शिक्का', 'सांगोवांगी'. आधार लिहिलेला नसेल तर पुढच्या माणसाला ती तारीख तपासताच येत नाही.

लंडनस्थित

मावशींना किंचित विरोध. ईडीटीएफमध्ये `1907/1912` म्हणजे काटेकोर अर्थाने '१९०७ ला सुरू होऊन १९१२ ला संपलेलं काहीतरी'. फोटो तर एका क्षणात काढलेला. 'या वर्षांपैकी कुठलंतरी एक' याला `[1907..1912]` असं लिहितात. बांधकाम १८७८ ते १८८७ चाललं, तिथे तिरपी रेघ बरोबर. दोन्हींना एकच खूण वापरली तर पुढे फरक काढता येणार नाही.

ग्रंथपाल मावशी

तत्त्वतः मान्य. पण कंस त्या पद्धतीच्या वरच्या पातळीतले आहेत आणि आम्ही वापरत असलेल्या सॉफ्टवेअरला ते समजत नाहीत. तिरपी रेघ समजते. पाच जणांच्या हातून भरली जाणारी यादी आहे, तिथे मी रेघच घेईन आणि फोटोच्या नोंदीत रेघेचा अर्थ 'दरम्यान' असं नियमांच्या कागदावर लिहून ठेवीन.

लंडनस्थित

मी अजूनही कंसच लिहीन. कंसावरून रेघ करता येते, रेघेवरून कंस नाही.

रिटायर्ड रुळावर

भांडू नका. मला वेगळीच काळजी आहे. व्हीटीच्या जुन्या फोटोंत उलटे फोटो किती आहेत, कुणी मोजलेत का? काचेची प्लेट उलट बाजूने स्कॅन केली की इमारत आरशातली येते, आणि ही इमारत इतकी सारखी बांधली आहे की कळत नाही.

चित्रपोथी

अगदी! इमारतीचा आराखडा इंग्रजी सी अक्षरासारखा, पूर्व-पश्चिम अक्षावर दोन्ही बाजू सारख्या. फोटो उलटला की उत्तर विंग दक्षिण होते आणि यादीत तशीच चढते. पाटी असेल तर अक्षरं उलटी दिसतात. नसेल तर घुमटावरची प्रगतीची मूर्ती बघा. तिच्या उजव्या हातात वर धरलेली मशाल आहे आणि डावा हात चाकावर. समोरून काढलेल्या फोटोत मशाल आपल्या डावीकडे दिसायला हवी.

कोडभट

म्हणजे मशाल उजवीकडे दिसली की फोटो उलटा. स्क्रिप्ट लिहितो.

रिटायर्ड रुळावर

अहो, फलाटाच्या बाजूने, म्हणजे मूर्तीच्या पाठीमागून काढलेला असला तर मशाल उजवीकडेच दिसणार. फोटो कुठून काढलाय ते आधी बघा, मग स्क्रिप्ट लिहा.

निळी शाई

तीन फोटो सापडले. दोन पक्के उलटे आहेत, समोरून काढलेले आणि मशाल उजवीकडे. तिसऱ्यात मूर्ती चौकटीबाहेर गेली आहे. मूळ टिफ फिरवू की तशीच ठेवू?

ग्रंथपाल मावशी

मूळ टिफला हात लावू नका. सरळ केलेली जेपीजी बनवा, फाइलींच्या पानावर 'आरशातली, सरळ केली' असं लिहा. तिसऱ्यापुढे 'दिशा अनिश्चित', आणि भाग 'विंग' एवढाच. उत्तर की दक्षिण हे माहीत नसताना लिहायचं नाही.

निळी शाई

आता मूळ दुखणं. भागांची नावं.

लंडनस्थित

वस्तूच्या प्रकारासाठी गेटीचा एएटी हा कोश वापरा. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, ब्लूप्रिंट सगळ्यांना ठरलेले शब्द आणि क्रमांक आहेत, जगभर तेच चालतात. पण 'व्हीटीची उत्तर विंग' त्यात असणार नाही. ती यादी तुम्हालाच करावी लागेल.

ग्रंथपाल मावशी

आणि ती शब्दांनी सुरू करू नका, नकाशाने करा. तळमजल्याचा एक प्लॅन घ्या, उत्तर बाण घाला आणि भागांवर क्रमांक टाका. मधला घुमट आणि त्याखालचा जिना, उत्तर विंग, दक्षिण विंग, मधलं अंगण, फाटक, फलाटांचं छप्पर. मग मजले. पंचवीस-तीसच्या वर जाऊ नका, नाहीतर भरणारा कंटाळून पहिलाच पर्याय निवडत सुटतो. डावं-उजवं हे शब्द या यादीत बंद. फक्त दिशा.

मग प्रत्येक क्रमांकापुढे एक मुख्य नाव आणि लोक म्हणतात ती सगळी नावं. क्रमांक ०३, उत्तर विंगचं तिकीटघर. पर्यायी: स्टार चेंबर, बुकिंग हॉल, `north wing booking hall`. शोधणाऱ्याने कुठलंही टाकलं तरी ०३ वरच पोचलं पाहिजे. नोंदीत मात्र फक्त `03`.

इमारतीच्या नावाचं उत्तरही यातच आहे. एकच ओळख धरा. जागतिक वारसा यादीत २००४ पासून तिचा क्रमांक ९४५ आहे, तो घेतला तरी चालेल. त्यापुढे व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ पासूनचं सीएसटी, २०१७ पासूनचं सीएसएमटी ही सगळी पर्यायी नावं. कागदावर जे नाव छापलंय ते 'शीर्षक, जसं आहे तसं' या रकान्यात, न सुधारता. आणि बोरीबंदर त्यात घालताना विचार करा, कारण १८५३ पासून तिथे असलेलं जुनं स्टेशन ही वेगळी वास्तू होती. तिचा फोटो या इमारतीखाली नको.

आळशी कासव

म्हणजे आईचा मेटाडेटा पर्यायी नावांत जमा :(

सुमेधा क

मी वास्तुविशारद, जतनाची कामं करते. अजून एक रकाना मागते, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा: ड्रॉइंग कशाचं आहे, प्रस्तावाचं, बांधलेल्याचं की नंतर मोजलेल्याचं? अ‍ॅक्सेल हेग यांनी १८७८ मध्ये या इमारतीचं जलरंगातलं चित्र केलं, बांधकामाला तेव्हा कुठे सुरुवात होत होती. ते चित्र दाखवून 'मूळ असं होतं' म्हणत दुरुस्ती सुचवणारे मी पाहिले आहेत. ते 'मूळ' नव्हे, तो इरादा होता. कंत्राटाच्या ड्रॉइंगांतलंही सगळं जागेवर तसंच झालं असेल असं धरता येत नाही. शंका असेल तर 'ठाऊक नाही' लिहा, पण रकाना रिकामा नको. रिकाम्याचा अर्थ 'बघितलंच नाही' असाही होतो.

रिटायर्ड रुळावर

हे सगळं इंटरनेटवर टाकणार का? चालतं स्टेशन आहे. कुठला जिना कुठे उघडतो, कुठली भिंत पोकळ आहे, हे जगाला सांगायचं कारण काय? शिवाय ड्रॉइंग रेल्वेचं, तुमच्या कॉलेजचं नाही.

सुमेधा क

दीडशे वर्षांपूर्वीच्या खिडकीच्या तपशिलात कसली सुरक्षा? लपवून ठेवलं की तेच काम पुन्हा मोजावं लागतं, वर परांची बांधून.

रिटायर्ड रुळावर

खिडकीचं नाही म्हणत मी. तळघर आणि सेवामार्ग म्हणतोय.

ग्रंथपाल मावशी

नोंद सगळ्यांना दिसावी, चित्र मागितल्यावर मिळावं, असा मधला मार्ग काही संग्रह काढतात. पण कुठलं पत्रक कुठल्या बाजूला हे मी ठरवू शकत नाही, रेल्वेला विचारावं लागेल. 'हक्क' आणि 'दाखवण्याची परवानगी' हे दोन रकाने मात्र आत्ताच वेगळे करा. एकात मिसळलेत तर नंतर सुटणार नाहीत.

बिनओळखीचा बिंदू

एक तांत्रिक सूचना. यादी तयार झाली की क्रमांक आणि शीर्षक जेपीजीच्या पोटातही लिहा. फाइल यादीपासून तुटली तरी ओळख राहते. पहिल्या ओळीत `SourceFile,XMP-dc:Identifier,XMP-dc:Title` असे मथळे द्या, सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये ठेवा, आणि:

```
exiftool -csv=yadi.csv jpg/
```

आधी दहा फाइलींच्या प्रतीवर करून बघा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत तर हे सगळं पुसलं जातं, हे मुलांना बजावा. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

सातारकर

सगळं वाचलं. वाड्याच्या फोटोंच्या पाठी बघितल्या. एकावर मामांनी 'दिंडी दरवाजा, पाडण्याआधी' लिहिलंय, वर्ष नाही. वाडा कधी पाडला ते आईला माहीत आहे. म्हणजे चित्रपोथींच्या भाषेत वरची मर्यादा मिळाली ना?

चित्रपोथी

मिळाली. आधाराच्या रकान्यात 'पाठीवरील मजकूर आणि आईची माहिती' लिहा, आईचं नाव आणि विचारल्याची तारीख घालून.

निळी शाई

अपडेट. वीसेक पत्रकं निवडून दोन मुलांना वेगवेगळं बसवून भरायला दिली, मावशींच्या नकाशासकट. प्रकार, तारीख, आधार जवळजवळ सारखं आलं. 'भाग' मात्र सात-आठ ठिकाणी जुळला नाही, आणि ती बहुतेक सगळी सेक्शन ड्रॉइंग्ज. घुमटातून कापलेला सेक्शन आहे: एकाने फक्त घुमट लिहिला, दुसऱ्याने घुमट, जिना, दोन्ही विंग आणि मागे पुसट दिसणारं फलाटाचं छप्परसुद्धा. कोण बरोबर?

ग्रंथपाल मावशी

कापरेषा ज्या भागांतून जाते ते सगळे लिहायचे. पलीकडे नुसता दिसणारा भाग लिहायचा नाही, नाहीतर छप्पर शोधणाऱ्याला शंभर सेक्शन चाळावे लागतील. घुमट आणि जिना नक्की. विंग, कापरेषा तिथवर जात असेल तरच.

सुमेधा क

पलीकडचं पण मापासकट काढलेलं असेल तर? मला तेच हवं असतं कधीकधी.

ग्रंथपाल मावशी

मापं असतील तर लिहा. नियमात ही ओळ घाला.

कोडभट

एका सेलमध्ये तीन-चार भाग येणार तर मध्ये कॉमा नको, सीएसव्ही कुणी साध्या एडिटरमध्ये हाताने भरली तर फुटेल. उभी रेघ वापरा: `01|02|03`. आणि शून्य पुढे ठेवायचं तर तो रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर एक्सेल ते खाऊन टाकेल.